फावेल म्हणाली मोहना

बडोद्याच्या निजामपुऱ्यात कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की मंदाआत्यांना आधी निरोप जायचा. त्यांचं काम एकच, खोलीच्या कोपऱ्यात बसायचं आणि बघायचं. "बोलायला बाकीचे असतातच की," असं त्या म्हणत.

गल्लीत केबल आली त्या वर्षी खुद्द त्यांच्या भाचीचा, मोहनाचा कार्यक्रम ठरला. मुलगा कोल्हापूरकडचा, दिग्विजय. वर्षापूर्वीच इथं रिफायनरीत लागलेला. मोहनानं सकाळीच आत्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"आत्या, मला तो आवडलाय. सयाजीगंजात आमच्या लायब्ररीसमोर दोनदा बघितलंय. पण मागच्या वेळेसारखं नको. घरच्यांनी ढकलत आणला असेल तर मला आत्ताच सांग."

मागचा मुलगा साखरपुडा झाल्यावर नाही म्हणाला होता. वडिलांच्या धाकानं आलेला बिचारा.

चारला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई शैलाताई आणि काका जयसिंगराव. काकांचा आवाज जिन्यातूनच घरात आला. मोहनाचे वडील धनाजीराव दारातच खूश झाले.

"आमचा दिग्विजय म्हणजे सोनं! पत्रिका जुळलीच आहे. सुपारी आजच फोडू की!" बसल्या बसल्या काकांनी जाहीर केलं.

आत्यांनी मुलाकडं पाहिलं. बटाट्याचा लिला चिवडा समोर तसाच. चहावर साय धरलेली. मोहनाच्या वडिलांनी पगाराचं विचारलं, उत्तर काकांनी दिलं. आवडीनिवडी विचारल्या, त्याही काकांनाच ठाऊक. पोरगा दर वेळी तोंड उघडण्याआधी काकांकडं बघायचा आणि परत मिटायचा. झालं, आत्यांच्या मनात आलं. हेही ढकललेलंच दिसतंय.

पण त्यांची एक रीत होती. ढकलणारा माणूस खोलीत असेपर्यंत काही ठरवायचं नाही.

"दादा, जयसिंगरावांना गच्चीवरची ती डिश अँटेना दाखव की. ह्यांना कळतं त्यातलं," आत्या म्हणाल्या. काकांना सगळ्यातलंच कळत होतं. लगेच उठले.

पावलं जिन्यात वाजली आणि पोरानं पाठ सैल सोडली. चहा एका दमात संपवला. मग मोहनाला विचारलं, "लायब्ररीतून सुटता सुटता उशीर होतो का?"

"स्टॉक तपासायचा असला की होतो."

"मग रिक्षा मिळते?"

"फतेगंजपर्यंत चालत येते. तिथून मिळते."

"अंधारात चालत?"

आत्या मनात हसल्या. रीत म्हणून विचारणारा उत्तर मिळालं की दुसऱ्या विषयावर जातो. ह्याचा प्रश्न उत्तरातूनच निघत होता. आणि मोहना, जी नको असलेल्या मुलापुढं फक्त "हो, नाही" करत पदराचं टोक पिळायची, तिनं कुणी न सांगता त्याचा चहाचा कप पुन्हा भरला.

तेवढ्यात शैलाताईंनी खरा प्रश्न काढला. "बाळा, पाळीची नोकरी ह्याची. रात्री-अपरात्री डबा. शिवाय मीही इथंच राहायला येणार. जमेल तुला?"

"फावेल मला," मोहना मोकळेपणानं म्हणाली.

पोरगा हसला. आईचा चमचा मात्र बशीत खाली आला. त्यांनी पदर सावरला, पर्स मांडीवर घेतली. "बरं. पत्रिका बघून कळवतो आम्ही."

मोहनाचा चेहरा उतरला. आत्यांनी मात्र मनातल्या मनात मागं जाऊन बघितलं. जुळलेली पत्रिका पुन्हा बघायची म्हणजे सभ्य नकार. पण आत्ता तर बाई प्रेमानं बोलत होती! बिघडलं ते नेमक्या त्या एका शब्दाला.

"शैलाताई, फावेल म्हणजे काय समजलात?"

"म्हणजे... वेळ फावला तर करीन, असंच ना? पोरीला आत्ताच आमच्यासाठी सवड नाही."

"अगं बाई! ही आमची बडोद्याची मराठी. गुजरात्यांत राहून राहून आलेली. फावेल म्हणजे सोयीचं पडेल, मला चालेल, आवडेल!"

"आई, आमच्या मेसचा स्वयंपाकी महाराजपण रोज विचारतो, 'खिचडी फावशे?' म्हणून," दिग्विजय म्हणाला.

शैलाताई कपाळावर हात मारून अशा हसल्या की पर्स घरंगळली. "मी मघापासून म्हणतेय, एवढी गोड पोरगी आणि एवढी फटकळ कशी!"

मग त्यांनी मोहनाला शेजारी बसवून घेतलं. "स्वयंपाकघर दाखव गं तुमचं," म्हणाल्या. नुसत्या भेटीला आलेली बाई दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरत नाही. आत्यांना आणखी काही बघायचं राहिलं नाही.

दोघी बाहेर आल्या तेवढ्यात काका गच्चीवरून उतरले ते बोलतच. "तर मग, सुपारी..."

"काका, थांबा," दिग्विजय उभा राहिला. कान लाल, पण आवाज ठाम. "मीच विचारतो. मोहना, माझ्याकडून हो आहे. मला कुणी सांगितलं म्हणून नाही. तुम्हाला विचार करायला वेळ हवा असेल तर घ्या."

जयसिंगरावांचं तोंड उघडंच राहिलं. पुतण्या आपल्या आधी बोलला, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मोहनानं आत्यांकडं पाहिलं. आत्यांनी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं. हे उत्तर तिचं तिनंच द्यायचं होतं.

"वेळ नको," मोहना म्हणाली, "सुपारी घरातच आहे."