चढाचा गियर

मराठी चौथी गावात झाली आणि इंग्रजी पहिलीसाठी मला निपाणीला घातलं. आमचं गाव तवंदीच्या घाटावर. सकाळी जाताना आधी उतार, मग सपाट, तेव्हा काहीच वाटायचं नाही. संध्याकाळी परतताना मात्र दोन मैल सपाट रस्ता संपला की घाट सुरू व्हायचा, तो थेट घरापर्यंत.

घरचा नियम असा, की दिवस मावळायच्या आत जेवायचं. आमच्या जैनांच्या घरात त्याला सूट नव्हती. दिवस मावळल्यावर मी पोचले तर मला जेवण नाही, आणि मी जेवले नाही म्हणून आईही तशीच झोपणार. शाळेत कोणाला हे सांगितलं तर हसायचे, म्हणून मी सांगत नसे.

माझा चुलतभाऊ त्याच शाळेत दोन वर्षं पुढं होता. त्याला आम्ही दादा म्हणायचो. त्याच्याकडे साधी, बिनगियरची काळी सायकल होती. अर्धा घाट तो पायंडलवर उभा राहून चढायचा आणि उरलेला ढकलत. मला परकरात उभं राहून मारणं जमत नव्हतं. माझ्यासाठी सायकल घ्यायचं ठरलं तेव्हा वडिलांचं, आप्पांचं, म्हणणं होतं, दादासारखीच घ्यावी. मामा बेळगावात कचेरीत कारकून होते. कॅम्पातली एक गोरी मडम विलायतेला परत चालली होती, तिची तीन गियरची लेडीज सायकल त्यांनी पाहून ठेवली होती.

"पाव्हणं, ते यंत्र बिघडलं तर निपाणीत कोण उघडणार?" आप्पांनी विचारलं.

"बिघडत न्हाय हो. वर्षातनं दोनदा तेल घाला, बस्स. घाटात पोरीच्या पायाला लई हलकं जाईल."

सायकल आली आणि मामांचं म्हणणं खरं निघालं. हँडलवर अंगठ्याएवढी लिव्हर होती. तिथून एक बारीक तार मागच्या चाकापर्यंत गेली होती. लिव्हर एक घर सरकवली की टक्क असा आवाज व्हायचा आणि चढ एकदम कमी झाल्यासारखा वाटायचा. वेग कमी व्हायचा, पण पाय थांबत नसत. पहिल्या दिवशी मी दादाला वळणावर मागं टाकलं आणि एकदाही न उतरता गावात पोचले. आईनं वाढलेली भाकरी गरम होती. दोन महिने हे असं चाललं.

मग तार तुटली. घाटाच्या पायथ्याशी लिव्हर हलवली आणि ती एकदम ढिली पडली. मला वाटलं, तार तुटली तर सायकल निदान साधी तरी राहील. तसं होत नाही. तार सुटली की आतली स्प्रिंग चाकाला सगळ्यात जड गियरवर नेऊन ठेवते, सपाटीवर पळायच्या गियरवर. म्हणजे दादाच्या सायकलीपेक्षाही माझी जड झाली. मी ती अख्खा घाट ढकलत आणली. त्या दिवशी आम्ही दोघी उपाशी झोपलो.

निपाणीत बाजाराजवळ एक सायकलमिस्त्री होता. चांगला माणूस, पण असं चाक त्यानं उघडलं नव्हतं. "बाळ, लढाईमुळं विलायती माल येत न्हाय. ही तार बेळगावात बी मिळायची न्हाय," तो म्हणाला आणि तुटलेल्या दोन टोकांना मध्ये दुसऱ्या तारेचा तुकडा गुंडाळून दिला. तो जोड रोज थोडा थोडा ताणला जायचा. एकदा ऐन वळणावर मी मधला गियर घातला आणि पायंडल नुसतं फिरलं, पाण्यात पाय मारावा तसं. चाकाला जोर लागलाच नाही. मी खडीवर आपटले. गुडघा फुटला. मागून तंबाखूची गाडी येत होती, गाडीवानानं बैल आवरले म्हणून निभावलं.

"ही थेरं कशाला पायजेत?" दादा म्हणाला. "गियर नसता तर पडली असतीस का?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

रविवारी मामा आले तेव्हा त्यांनी मला सायकलीजवळ बसवलं. मागच्या आसातून एक बारीक साखळी बाहेर येते, ती तारेला जोडलेली असते. तिथं पेचाची एक छोटी नळी असते. लिव्हर मधल्या घरात ठेवायची, आसाच्या नटाला असलेल्या भोकातून बघायचं, आणि साखळीला आत जोडलेल्या काडीचं टोक आसाच्या टोकाशी बरोबरीला येईपर्यंत नळी फिरवायची. तार ढिली राहिली तर चाक दोन गियरांच्या मधोमध अडकतं, म्हणून पायंडल मोकळं फिरतं. एवढंच होतं. यासाठी मी गुडघा फोडून घेतला होता.

मी रोज सकाळी निघण्याआधी नळी तपासायला लागले. तीन आठवडे एकदाही पडले नाही. पण मला हे येतं, हे कोणी मानायलाच तयार नव्हतं. मी खाली बसलेली दिसले की आप्पा विचारायचे, "परत मोडली व्हय गं?" मोडली नाही, मी ती नीट ठेवते आहे, असं सांगितलं तरी ते मान हलवून निघून जायचे. दादा शाळेत मुलांना सांगायचा, हिच्या सायकलीला रोज औषध लागतं.

मग जोडाजवळची तार पुन्हा तुटली, आणि आता जोडायला टोकच उरलं नव्हतं. थंडीचे दिवस, सूर्य लवकर बुडायचा. सलग चार दिवस मला उशीर झाला. चौथ्या दिवशी आईला चक्कर आली.  दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला दादाच्या सायकलीवर मागं बसवून शाळेत पाठवलं आणि माझी सायकल त्यांनी स्वतः मिस्त्रीकडे नेली.

शाळा सुटल्यावर दुकानात गेले तर आप्पा तिथंच बसले होते आणि गियरचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं. माझ्या सायकलीला साधं चाक बसलं होतं. लिव्हरही उतरवली होती.

"मला विचारलं का न्हाय?" मी आप्पांना म्हणाले. "मला जुळवता येत होतं. फक्त तार पायजे होती."

"तार कुठनं आणायची? आणि तोवर तुझी आई काय खाणार?"

मला आणखी राग आला. मिस्त्री मध्ये पडला. त्यानं मला मागची दातेरी चकती दाखवली. "दादाच्या चाकाला अठरा दाते हायत. हिला मी बावीस घातलेत, कोल्हापुरास्नं आणलेली चकती पडून व्हती. साखळी वाढवलीया. चढाला तुझ्या हलक्या गियराच्या जवळपास जाईल, बघ."

मी सायकल घेऊन तडक निघाले. त्या संध्याकाळी घाट चढले आणि त्याचं बोलणं जवळजवळ खरं ठरलं. शेवटचं वळण सोडलं तर उतरावं लागलं नाही. दिवस मावळायच्या आत पोचले. आई जेवली. सपाट रस्त्यावर मात्र पाय नुसते गरगर फिरायचे आणि सायकल पुढं सरकायची नाही. दादा मजेत पुढं निघून जायचा आणि मागं वळून हसायचा.

मॅट्रिकपर्यंत मी तीच सायकल वापरली. ती कधी बिघडली नाही, आप्पा हे येईल त्या पाहुण्याला सांगायचे.  त्यांचं चुकलं होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. पण घरात त्या चाकाचं गणित कळलेली मी एकटीच होते, आणि मलाच कोणी विचारलं नव्हतं, याचा राग अजून पुरता गेलेला नाही.