लाल, हिरवा, केशरी आणि निळा यांच्या जागी

घाटंजीच्या हायस्कुलात धनसिंग आडे मास्तर आले तेव्हा शाळेत खेळ म्हणून एक फाटका फुटबॉल होता आणि तोही हेडमास्तरांच्या कपाटात. त्यांनी आधी मैदान साफ करवून घेतलं. मग शाळेचे चार गट पाडले: लाल, हिरवा, केशरी, निळा. रांगेत उभ्या पोरांनी एक-दोन-तीन-चार म्हणत जायचं. ज्याच्या तोंडी जो आकडा, तो त्याचा गट. त्यात कुणाची आळी नाही, जात नाही, बापाचं नाव नाही. क्रीडादिनाला दंडावर रंगीत पट्टी बांधायची आणि आपल्या रंगासाठी घसा फुटेस्तोवर ओरडायचं. सात-आठ वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मास्तरांना ते एक-दोन-तीन-चार फार जिवाचं होतं. ते बंजारा तांड्यावरचे. लहानपणी गावच्या शाळेत शर्यती झाल्या, की तांड्याची पोरं शेवटी वेगळी पळवत. एकदा ते सगळ्यांत पुढे आले तेव्हा टाळ्या फक्त तांड्याच्या बाजूने आल्या. मोतीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ही गोष्ट तोंडपाठ होती. पण ते सांगू लागले की त्या हातातलं काम ठेवून ऐकत. नाही ऐकलं तर जेवण होत नाही, एवढं त्यांना माहीत होतं.

सत्तावन्न साल उजाडलं आणि त्या चार रंगांना जणू दृष्ट लागली. मागच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा झाली होती, घाटंजीतली कितीतरी घरं जाऊन आली होती आणि वस्तीत निळा झेंडा लागला होता. त्यात निवडणुका तोंडावर. पेठेतल्या दोन-तीन बापांनी चिठ्ठ्या धाडल्या, आमच्या मुलाला निळ्यातून काढा. ते कळल्यावर हिरव्यातल्या एका पोराला कुणीतरी विचारलं, तू नमाज कधीपासून पढतोस. लालवाल्यांना कामगारांचे पुढारी म्हणून चिडवून झालं. पंधरा दिवसांत मैदानावर खेळ कमी आणि हाणामाऱ्या जास्त झाल्या.

शाळा समितीची बैठक बसली. अध्यक्ष भगवानराव पाटील, कापसाचे मोठे शेतकरी, स्वभावाने वाईट नव्हेत, पण घाईचे. शिक्षकांतर्फे गोंडाणे मास्तर होते, तेही दीक्षा घेऊन आलेले. भगवानराव म्हणाले की रंगाची कटकटच नको, काढून टाका. त्यावर गोंडाणे मास्तर शांतपणे म्हणाले, "आठ वर्षं पोरं निळी पट्टी बांधून पळाली. तवा कोणाच्या डोळ्यात गेली नाही. आत्ताच काहून गेली?"

धनसिंग मास्तरांना वाटलं, हा माणूस शंभर टक्के बरोबर बोलतो आहे आणि त्याचा काडीचा उपयोग होणार नाही. मग भगवानरावांनी तोडगा काढला. शनिवारपर्यंत सगळ्यांना चालतील अशी नावं आणा. नाही जमलं, तर वस्तीवार गट पाडू: पेठ, इदगाहची बाजू, बौद्ध वस्ती, तांडा. सोपं काम, ज्याचं त्याला कळतं.

"पाटील, ते नका करू," धनसिंग मास्तर म्हणाले.

"मग नावं आणा, मास्तर. मले काय हौस आहे का?"

तिथून जो मनस्ताप सुरू झाला, तो मास्तर पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले.

हेडमास्तर वैरागडे संस्कृतचे. त्यांनी तासाभरात चार सद्गुण काढून दिले: सत्य, शौर्य, सेवा, त्याग. मास्तर म्हणाले, मैदानावर ओरडून बघू. जे नाव पोरांच्या तोंडात बसत नाही ते कागदावर कितीही शोभलं तरी निरुपयोगी. पोरांना चार रांगांत उभं केलं. शौर्यवाले बरे ओरडले. सेवावाल्यांचं मंगलाष्टकांच्या सुरात गेलं. सत्यवाल्यांनी एकदा 'सत्य है' म्हटलं आणि मागल्या रांगेतून कुणीतरी तिरडीच्या चालीत त्याला पुढचं-मागचं जोडलं. ती रांग हसून लोळली. त्यागवाले तोंड उघडायलाच तयार नव्हते. एकाने विचारलं, "सर, आम्ही त्याग, मंग बक्षीस बी दुसऱ्याले देऊन टाकायचं का?"

मग थोर पुरुष निघाले. पहिल्या दोन नावांवरच शिक्षकांच्या खोलीत अशी जुंपली, की चहा थंड झाला. आमचा थोर का तुमचा थोर हे ठरवायला क्रीडादिन पुरला नसता.

प्राणी घ्यावेत, तर वाघ सगळ्यांनाच हवा आणि ससा कुणालाच नको. बैल म्हटलं तर भगवानराव कानात सांगून गेले, बैलजोडी निवडणुकीची खूण आहे, लोक म्हणतील मी शाळेतून प्रचार करून राह्यलो. हत्ती म्हटलं तर तोही दुसऱ्या पक्षाची खूण. झाडं काढली. मास्तरांना मोह फार पसंत होता. जंगलातलं देखणं झाड, पण दारूबंदीच्या दिवसांत शाळेची दोनशे पोरं 'मोह जिंदाबाद' ओरडताहेत हे डोळ्यांपुढे आल्यावर हेडमास्तरांनी खुर्चीच सोडली.

घरी मास्तर भाकरी ताटात ठेवून बसून राहत. "नाव ठेवाले काय लागते? बारशाले बाया एका घटकेत ठेवतात."

"तिथं लेकरू एकच राहते," मोतीबाई म्हणाल्या. "अन् सगळ्यायचं राहते." मग त्यांनीच विचारलं, "ज्याचं पाणी सगळेच पेतात असं काही नाही का?"

मास्तरांनी भाकरी मोडली. नद्या.

सकाळी त्यांनी यादी केली: पैनगंगा, अडाण, अरुणावती, वाघाडी. नदी कुणाच्या झेंड्यावर नाही, कुणाच्या खुणेवर नाही. तिच्या काठी सगळ्यांचीच गुरं पाण्यावर येतात. गोंडाणे मास्तर मान हलवून म्हणाले की पाण्यावरून आमचं बरंच काही झालेलं आहे, पण नाव म्हणून हरकत नाही. गट आकड्यानेच पाडणार असाल तर. धनसिंग मास्तर म्हणाले, त्यासाठीच तर हा सगळा तमाशा. हेडमास्तरांनी मात्र चष्मा पुसला. अरुण म्हणजे तांबूस. हा लाल गटच झाला. मास्तरांनी वाद न घालता अरुणावती खोडून बेंबळा लिहिली. खोडताना टाक मात्र कागदात रुतला.

आता मुलगे रुसले. नदी म्हणजे बाई, आम्ही काय पोरी आहोत? शिवणाच्या कांताबाईंनी खिडकीतून ऐकलं आणि बाहेर येऊन विचारलं, मागच्या आषाढात वाघाडीला पूर आला तेव्हा काठावरून पळत कोण सुटलं होतं, बाया की तुम्ही? मग एकाला काय सुचलं कुणास ठाऊक, पूर आला की काठावर सगळा गाव जशी हाळी देतो, तशी त्याने दिली: "आली रे आली, अडाण आली!" दुसऱ्या रांगेने पैनगंगेची दिली. दहा मिनिटांत मैदानाशेजारून जाणारी एसटीसुद्धा हळू झाली. मास्तर शिट्टी हातात धरून नुसते ऐकत होते. हे नाव तोंडात बसत होतं.

पट्ट्या आता बिनरंगी मांजरपाटाच्या, सगळ्यांना एकसारख्या. फक्त बांधायची जागा वेगळी: उजवा दंड, डावा दंड, कंबर, कपाळ. कोणत्या गटाला कोणती जागा, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मग रांगेत एक-दोन-तीन-चार झालं आणि शनिवारी समितीनं मान डोलावली. मास्तर त्या रात्री पोटभर जेवले.

रविवारी भगवानराव घरी आले. मोतीबाईंनी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं. त्यांचा नातू वाघाडीत गेला होता. पैनगंगा मोठी, बेंबळा लांबची म्हणून भारी. वाघाडी म्हणजे गावातली, तिच्यात म्हशी धुतात.

"माझा नातू काय नाल्यात पळन? त्याले पैनगंगेत टाका. एकाच पोराचा सवाल आहे."

"एकाचं केलं तं उद्या सगळे येतीन, पाटील. परवा पुन्हा पेठ अन् तांडा होईन."

"मी अध्यक्ष आहो, मास्तर. तुमची नोकरी अजून कच्ची आहे."

हे खरं होतं. आठ वर्षं झाली तरी मास्तरांचा कायमपणाचा कागद समितीकडेच पडून होता. त्यांनी मोतीबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "पाटील, म्हशी पैनगंगेतही धुतात. ती लांब आहे म्हणून दिसत नाही."

भगवानराव उठून गेले. मास्तर बायकोवर चिडले, मग स्वतःवर, मग एकंदर नद्यांवर. पण नातू वाघाडीतच राहिला.

सव्वीस जानेवारीला मंडपात भगवानराव पहिल्या खुर्चीवर, मास्तरांकडे न बघता. दिवस पुढे सरकला. बापांनी चिठ्ठ्या धाडलेली पेठेतली पोरं आणि वस्तीतली पोरं एकाच दोराला धरून मागे झुकत होती, कारण दोर ओढताना शेजारी कोण आहे हे बघायला फुरसत नसते. शेवटची शर्यत रिलेची. वाघाडी पुढे होती. तिसऱ्या पोराने, तांड्यावरच्या खेमसिंगने, हातातली काठी पुढे करायला आणि चौथ्याने, भगवानरावांच्या नातवाने, ती घ्यायला एकच वेळ साधायची होती. काठी मातीत पडली. बेंबळा आली रे आली.

मास्तरांनी डोळे मिटले. गेले तीन आठवडे ज्याची धास्ती घेतली होती, ते आता होणार. तांड्याच्या पोरापायी पाटलाचा नातू हरला. आता जो शब्द निघेल त्यावर पुढचं सगळं. भगवानरावही खुर्चीत ताठ झाले होते.

नातू धापा टाकत खेमसिंगपुढे उभा राहिला. "अबे, हात कायले मांगं घेतला? सगळ्या वाघाडीची इज्जत घालवली तू."

"मी घालवली? तुलेच पकडता नाही आली. वाघाडीत तुले घेतलंच काहून, मले समजत नाही."

"चाल, पुन्हा करून दाखव. चाल ना."

आणि ती दोघं, कपाळाला बिनरंगी पट्टी बांधलेली, बक्षीस समारंभ सोडून मैदानाच्या टोकाला गेली. तिथे काठी देऊन-घेऊन बघताना एकमेकांना अशा काही शिव्या देत होती, की कांताबाई तिकडे निघाल्या.

"राहू द्या, बाई," धनसिंग मास्तर म्हणाले. त्यांनी शिव्या कान देऊन ऐकल्या, एकूण एक. आळशी होतं, आंधळा होतं, म्हशी होत्या. त्यात तांडा नव्हता, पेठ नव्हती.

मंडपातून भगवानरावांनी हाक मारली, "मास्तर, ती पोरं तिथं काय करून राह्यली?"

"भांडून राह्यली, पाटील," मास्तर म्हणाले, "वाघाडीपायी," आणि बक्षिसांची टोपली उचलायला गेले.