मान हलवणारी माझी नणंद

देवाने माणसांना लाज वाटून दिली त्या दिवशी माझी नणंद बहुतेक रांगेत पुढे उभी राहून त्यालाच विचारत होती, की हे नेमकं कशासाठी वापरतात. घाटकोपरच्या अर्ध्या लोकांनी तिचा धसका घेतलाय. ‘मला नाही कळलं, परत सांगा’ हे वाक्य ती कुठेही, कुणालाही, पदर सावरत आणि अगदी निवांतपणे ऐकवते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पूजेत तिने गुरुजींना मधेच थांबवून विचारलं, “आत्ता जे म्हणालात त्याचा अर्थ काय हो?” गुरुजी म्हणाले, शेवटी सांगतो. शेवटी त्यांनी सांगितलं नाही, तर हिने शिऱ्याचं पातेलं आपल्याकडे ओढून घेतलं आणि अर्थ कळल्याशिवाय प्रसाद वाटणार नाही म्हणून बसून राहिली. गुरुजींनी तीन-चार वेळा घसा खाकरून जे काही सांगितलं, ते त्यांनी त्याच क्षणी रचलं होतं अशी माझी खात्री आहे. सासूबाई लाजेने अर्ध्या झाल्या. मी नवी नवरी, मला हसू आवरेना, आणि तेव्हापासून मी या बाईच्या प्रेमात पडले ती पडलेच.

डॉक्टरांकडे तर तिला न्यायची सोय नाही. मामंजींना घेऊन आम्ही गेलो होतो, डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. ही लगेच म्हणाली, “मग ह्या पाच गोळ्या कुणासाठी?” डॉक्टरांनी चष्मा काढला, कागद परत वाचला आणि त्यातल्या दोन खोडल्या. सोसायटीच्या वार्षिक सभेत तिने हात वर करून विचारलं, “हा सिंकिंग फंड म्हणजे काय हो?” खजिनदारांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी चेअरमनकडे, आणि चेअरमननी पंख्याकडे. पुढच्या सभेत माहिती देऊ, असं ठरलं. इतकी वर्षं दर महिन्याला तो फंड भरणारे लोक नंतर जिन्यात तिला गाठून हळूच सांगत होते, “बरं झालं ताई विचारलंत, आम्हाला पण माहीत नव्हतं.” ती म्हणाली, “मग तुमची तोंडं काय भाड्याने दिली होती?” आमच्या ताईंचं हे असं आहे.

तर अशी ही बाई एक दिवस माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मला तुझ्या वर्गात बसायचंय.” मी मुलुंडच्या एका शाळेत गणित शिकवते. शिवाय शनिवारी दुपारी घाटकोपरला एका समाजमंदिराच्या हॉलमध्ये दहावीला बाहेरून बसणाऱ्या मोठ्या माणसांचा वर्ग घेते. ताई जिथे मावशी म्हणून काम करायची त्या डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवरची जागा रिकामी होणार होती. ती खिडकी खरं तर कित्येक वर्षं तीच चालवत होती, फक्त झाडू हातात धरून. पण नवीन मॅनेजरने सांगितलं, दहावी पास लागेल, नाहीतर बाहेरून माणूस घेऊ. ताई तरुणपणी दहावीला गणितात गचकली होती आणि मग शाळा सुटली ती सुटलीच. “बाकीचे विषय मी घोकून काढीन गं,” ती म्हणाली, “पण गणित घोकता येत नाही. आणि ती खिडकी दुसऱ्या कुणाला दिली तर मला रोज त्याच्या पायाशी फरशी पुसावी लागेल.” कधी नाही ते तिचे डोळे भरून आले, म्हणून मी पटकन चहा टाकला.

मनातून मात्र मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. माझा तो वर्ग म्हणजे पक्का मुका. वॉचमनचे सुपरवायझर गायकवाड, ब्लाउज शिवणारी सुनंदा, कुणी केटररकडे काम करणारं, कुणी कुरिअरवालं, सगळी बाहेर तोंडाने फटाकडी माणसं. पण वर्गात शिरली की ओठांना टाके. म्हटलं, आता आमची ताई येतेय, वर्ग दणाणून जाईल.

अंकगणिती श्रेढीचा, म्हणजे दर वेळी सारख्याच फरकाने वाढत जाणाऱ्या आकड्यांचा, धडा होता. शब्दच असा, की ऐकून माणसाने वही मिटावी. मी फळ्यावर सूत्र लिहिलं: एनवं पद म्हणजे पहिलं पद, अधिक कंसात एन वजा एक, गुणिले सामान्य फरक. दोन उदाहरणं सोडवली, मागे वळले आणि विचारलं, “कळलं?” सगळ्या माना हलल्या. “काही शंका?” शांतता. मी हळूच ताईकडे पाहिलं. तीही मान हलवत होती, आणि साधीसुधी नव्हे, गौरीच्या मुखवट्यासारखी हसऱ्या चेहऱ्याने हलवत होती. मी मनात म्हटलं, हिला कळलं म्हणजे भिंतीलाही कळलं असणार. फळा पुसला आणि पुढे गेले.

मग चाचणी घेतली आणि वाट लागली. सगळ्यांचं तेच गणित चुकलं होतं, आणि चुकलं होतं तेही एकाच जागी. तो ‘वजा एक’ जणू कुणी पाहिलाच नव्हता. दहावं पद काढायचं तर फरकाला सरळ दहाने गुणून सगळे मोकळे. मी पेपर घेऊन तडक ताईच्या स्वयंपाकघरात गेले. ती भाकऱ्या थापत होती.

“ताई, तो वजा एक कुठून आला ते तुम्हाला कळलं नव्हतं ना?”

“नाही.”

“मग विचारलं का नाहीत? तुम्ही? गुरुजींना उपाशी ठेवणाऱ्या तुम्ही?”

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि मागे न वळता म्हणाली, “सगळ्यांना कळलं होतं गं. मी एकटीच बधिर. गायकवाड मान हलवत होते, सुनंदा हलवत होती. मी एकटीने कशाला अडवायचं सगळ्यांना?”

“मानच म्हणता, तर मान तुम्हीही हलवत होतात.”

“मी लाजेने हलवली,” ती म्हणाली. “ते कशाला लाजेने हलवतील?”

मी तिथेच पाटावर बसले. बी.एड.ला मानसशास्त्राचा एवढा मोठा पेपर दिला होता मी, पण हे एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. आपण गप्प का, ते आपल्याला आतून ठाऊक असतं. शेजारचा गप्प का, ते बाहेरून ठरवायचं, आणि बाहेरून तर लाज आणि समज अगदी सारख्याच दिसतात. मग माणूस स्वतःच्या गप्प बसण्याला भीती म्हणतो आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्याला हुशारी. “पण डॉक्टरांना तर विचारता,” मी म्हटलं. ती म्हणाली, “तिथे मला आलं पाहिजे असं कुठेय? तिथे न कळणं ही त्यांची पंचाईत. वर्गात न कळणं ही माझी अब्रू.”

पुढच्या शनिवारी मी आधी शिक्षकी बाणा दाखवला. विचारायला लाजू नका, कुठलाही प्रश्न मूर्ख नसतो, वगैरे. सगळ्यांनी या भाषणालाही माना हलवल्या, आणि शंका विचारल्यावर पुन्हा तीच स्मशानशांतता. उलट मला वाटतं, आणखी घट्ट झाली, कारण एवढं सांगूनही शेजारचा विचारत नाही म्हणजे त्याला येतच असणार. शेवटी मी म्हटलं, सगळ्यांनी डोळे मिटा. मिटले? आता तो वजा एक कशासाठी ते ज्यांना कळलेलं नाही त्यांनी हात वर करा. कुणी कुणाला पाहणार नाही, फक्त मी पाहीन.

आधी एक हात वर आला, तो सुनंदाचा. मग गायकवाडांचा. मग एकेक करत सगळा हॉल. ताईचा हात तर इतका ताठ होता, की झेंडावंदनाला उभी आहे असं वाटावं. मी ठरवलं होतं की हात खाली करायला सांगायचे, डोळे उघडायला लावायचे आणि गाजावाजा न करता पुन्हा शिकवायचं. पण हात खाली करा म्हणेपर्यंत आमच्या नणंदबाईंनी डोळा किलकिला केला होता. चोरून बघणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क आहे. आमच्या घरात तिच्यापासून एक भेटवस्तू लपून राहिलेली नाही.

“अगं सुनंदा,” ती ओरडलीच, “तू पण?”

झालं. सगळ्यांचे डोळे उघडले आणि हात तसेच वर. लोक एकमेकांकडे बघत होते, हात खाली घ्यायचं कुणाला सुचेना. गायकवाड हळूच म्हणाले, “आयला, सगळेच का?” ताईने सुनंदाला फैलावर घेतलं, “मग मान कशाला हलवत होतीस गं?”

“तुम्ही हलवलीत म्हणून,” सुनंदा म्हणाली. “तुम्ही सोसायटीच्या सेक्रेटरीला सोडत नाही असं ऐकलंय. म्हटलं, या गप्प बसल्यात म्हणजे हे अगदीच सोपं असणार.”

मग जो हशा पिकला, तसा त्या हॉलमध्ये साखरपुड्यालासुद्धा पिकला नसेल. मी म्हटलं, हात वर आहेतच तर तसेच ठेवा आणि बोटं पसरा. बोटं किती? पाच. बोटांमधल्या फटी किती? अंगठ्यापासून मोजा. चार. पहिल्या बोटावरून पाचव्यावर जायला उड्या चारच लागतात, पहिल्यावर आपण उभे असतोच. म्हणून पाचवं पद म्हणजे पहिलं पद आणि वर फरकाच्या चार उड्या. सगळी मोठी माणसं आपापल्या पंजाकडे बघत राहिली. “एवढंच?” ताई म्हणाली. त्यानंतर त्या वर्गाने मला इतक्या शंका विचारल्या, की माझाच घसा बसला.

ताई गणितात पास झाली. काठावर, पण झाली. आता ती खिडकीच्या आतल्या बाजूला बसते आणि ‘काय होतंय’ म्हणून पेशंटला इतकं खोदून विचारते, की डॉक्टरांना काही काम उरत नाही. निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन गेले तर ती फोनवर होती. भांडुपच्या शाळेतली तिची मैत्रीण, लग्न होऊन बदलापूरला गेलेली, किती वर्षांनी कुणाच्या तरी ग्रुपवर सापडली होती. ती मैत्रीण वर्गातली हुशार, असं ताई मला नेहमी सांगायची. फोन स्पीकरवर होता.

“तुला तेव्हा श्रेढी कळली होती का गं?” ताईने विचारलं.

“छे गं,” पलीकडून आवाज आला. “मी पण नापास झाले ना त्या वर्षी. तुला कळलं असं वाटायचं मला, म्हणून विचारलं नाही. मग लगेच गावीच धाडलं मला.”

ताईने फोन ठेवला. मी पेढा पुढे केला, तो तिने घेतला आणि हातातच धरून ठेवला.

“एकाच बाकावर बसायचो गं आम्ही,” ती म्हणाली.