गोपिकाबाईंची गुणगुणणारी बेल

गोपिकाबाईंना त्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त कशाची भूक असेल तर ती झोपेची. त्यांचे यजमान महादेवराव वीज मंडळाच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आणि आता त्यांना विसर पडायला लागला होता. जेवल्याचं आठवत नसे. मुलीचं नाव कधी आठवे, कधी नाही. पण ड्युटीवर जायचं मात्र रोज आठवे. गोपिकाबाई भाजी फोडणीला टाकेपर्यंत ते चप्पल घालून फाटकाबाहेर पडलेले असत, आणि मग त्या पदर खोचून नागपूरच्या त्या रखरखीत लेआउटमधल्या वस्तीत घरोघर विचारत फिरत.

पुण्याहून मुलीने, मिनलने, एक कॅमेऱ्याची बेल पाठवली.

"आई, ही फाटकाजवळ लावून घे वं. कोणी आत-बाहेर झालं की तुझ्या मोबाईलवर दिसते. बाबा निघाले की तुले लगेच समजन."

गोपिकाबाईंना मोबाईलचं फारसं कौतुक नव्हतं. पण पाच मिनिटं निवांत बसता येईल, एवढ्या आशेवर त्यांनी प्रीतमला बोलावलं. प्रीतम रामटेके त्यांच्या भागातलाच इलेक्ट्रिशियन. महादेवरावांना तो काकाजी म्हणायचा.

आधी त्याने मेन बंद केलं आणि फाटकावरचं जुनं बटण उघडलं.

"काकू, तुमच्या जुन्या बेलच्या बटणात सरळ घरचा करंट आहे, दोनशे तीसचा. ही नवी त्याच्यावर लावली तर जळूनच जाईन. हिले बारीक करंट लागते, ट्रान्सफॉर्मरमधून."

त्याने बटणाची वायर मेनपासून तोडली. बोर्डाजवळ त्याच्या पिशवीतला एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला, घरात कमी व्होल्टेजवर चालणारी टिंगटाँग बेल लावली आणि बाहेर कॅमेरा जोडला. मेन चालू केलं. कॅमेऱ्यावर साधा दिवासुद्धा लागला नाही.

"बेलच खराब आली का?" गोपिकाबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग यायलाही अंगात जोर लागतो.

प्रीतमने मीटर एसी व्होल्टवर लावून ट्रान्सफॉर्मरच्या दोन स्क्रूंवर टोकं टेकवली. बारा व्होल्ट. फाटकाजवळ कॅमेरा सोडवून नुसत्या वायरींवर बघितलं, तरी बाराच. मग कॅमेरा परत जोडला आणि त्याच्याच स्क्रूंवर मोजलं, तर आकडा सातावर घसरला.

"मोकळ्या वायरवर बरोबर दिसते, लोड आला की पडते," तो म्हणाला. "मायीच चूक झाली काकू. कॅमेऱ्याच्या खोक्यावर सोळा ते चोवीस व्होल्ट लिहून आहे. मले वाटलं, बारावर चालून जाईन. वरून हा वायर बारीक अन् मधला जोडही गंजून आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने सोळा व्होल्टचा मोठ्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर आणला, गंजलेला जोड कापून टाकला आणि फाटकापर्यंत नवी जाड वायर ओढली. या वेळी कॅमेरा जोडलेला असतानाही मीटरवरचा आकडा सोळाच्या खाली गेला नाही. निळा दिवा लागला. बटण दाबल्यावर आत टिंगटाँग वाजली आणि गोपिकाबाईंच्या मोबाईलवर प्रीतमचा घामेजलेला चेहरा दिसला. त्यानंतर तो घाईने गेला. खापा गावी त्याच्या मेहुण्याचं लग्न होतं.

तो गेला आणि घर शांत झालं, तेव्हा कुठे तो आवाज लक्षात आला. टिंगटाँगच्या डब्यातून बारीक घुंऽऽ, एकसारखी. बंदच होईना.

गोपिकाबाईंनी ती चालवून घेतली असती. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी याहून मोठे आवाज चालवून घेतले होते. पण महादेवराव पलंगावर उठून बसले. सबस्टेशनवर लोड वाढला की ट्रान्सफॉर्मर असाच घुमायचा.

"लोड वाढून राहिला," ते म्हणाले. "ऐकू नाही येऊन राहिलं का तुले?"

"बेलचा आवाज आहे तो. झोपा तुम्ही."

"बेल अशी वाजते का? काहून झोपू? कोणीतरी पाहाले गेलं पायजे."

त्या दिवशी ते पाच-सहा वेळा फाटकाशी गेले. मोबाईल दर वेळी वाजला आणि दर वेळी गोपिकाबाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं. ज्या आवाजाने ते बाहेर निघत होते, तो आवाज त्याच बेलचा होता. प्रीतमला फोन केला, तर तिकडे बँड वाजत होता. "काकू, आवाजच आहे ना फक्त? फारच त्रास झाला तर ट्रान्सफॉर्मरचं बटण बंद करून ठेवा. मी उद्या येतो," तो ओरडून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बटण बंद केलं. घुंई थांबली. महादेवराव आडवे झाले, डोळे मिटले. त्यांच्याकडे बघत गोपिकाबाई खुर्चीत बसल्या आणि कधी डोळा लागला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

जाग आली तेव्हा पलंग रिकामा होता. फाटक उघडं. बेल बंद, त्यामुळे मोबाईल मुका.

त्या अनवाणीच धावल्या. डांबर भाजत होतं. कोपऱ्यावर, रस्त्यावरच्या डीपीच्या, म्हणजे वस्तीच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या, जाळीबाहेर महादेवराव उभे होते. हात पाठीमागे, मान तिरकी, कान लावून. जाळीला हात मात्र लावलेला नव्हता.

"इथून नाही येऊन राहिला तो आवाज," ते काळजीने म्हणाले. "हा बरोबर आहे."

गोपिकाबाईंना रडू आलं नाही. त्या तिथेच दगडावर टेकल्या. म्हणाल्या, "घरी चला. आवाज आपल्या घरातच आहे. दोघं मिळून पाहू."

संध्याकाळी प्रीतम आला. झालेला प्रकार ऐकून त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. मेन बंद करून टिंगटाँगचं झाकण काढलं आणि विचारलं, "काकू, कॅमेऱ्याचा खोका फेकला तर नाही ना?"

खोका माळ्यावर होता. त्याच्या तळाशी दोन वायरींची एक चपटी डबी निघाली.

"हे मी जास्तीचं समजून ठेवून देलं होतं. कॅमेऱ्याले चोवीस तास थोडा-थोडा करंट लागते. तो या बेलच्या कॉइलमधूनच जाऊन राहिला, म्हणून कॉइल थरथरते अन् घुंई होते. ही डबी त्याले बाजूनं रस्ता देते. बटण दाबलं तेव्हाच पूर्ण करंट कॉइलमध्ये येईन."

बेलच्या दोन स्क्रूंवर त्याने डबीच्या दोन वायरी घट्ट आवळल्या, झाकण लावलं आणि मेन चालू केलं. निळा दिवा लागला. तिघेही कान देऊन ऐकत होते. पंख्याचा आवाज तेवढा होता.

"लोड उतरला," महादेवराव म्हणाले, आणि पलंगावर जाऊन बसले.

"काकाजी, माफ करा मले," प्रीतम म्हणाला. महादेवरावांना ते कशाबद्दल होतं हे कळलं नाही. त्यांनी त्याला चहा घेऊन जायला सांगितलं.

त्या रात्री गोपिकाबाई सलग झोपल्या. सगळं सुटलं असं नाही. सकाळी पोळ्या लाटताना मोबाईल वाजला आणि पडद्यावर इस्त्रीचा शर्ट घातलेले महादेवराव फाटकाची कडी काढताना दिसले. त्यांनी गॅस बंद केला, हाताचं पीठ पुसलं. पण या वेळी त्या धावल्या नाहीत. चपला घातल्या आणि जाऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"तू काहून आली?"

"तुमच्यासोबत," त्या म्हणाल्या. "ऊन चढायच्या आधी एक चक्कर मारू."