लाख उतरवलेले गोठ

माझं लग्न ठरलं तेव्हा मोठी बहीण बाळंतपणात जाऊन वर्षही उलटलं नव्हतं. नवऱ्याकडच्यांनी दोन तोळे सोनं मागितलं. मेल्यांना आमच्या घरचं सुतक दिसत नव्हतं. घरात सोनं म्हणजे बहिणीच्या हातातले दोन गोठ, तिच्या सासरहून परत आलेले. एकाला खळगा होता. मिरच्या कुटताना तिच्या हातून उखळाच्या काठावर आपटला होता. आई तो खळगा अंगठ्यानं चाचपत बसायची.

गोठ गहाण ठेवून त्यावर दोन तोळे सोनं उचलायचं, म्हणून आई मला घेऊन नंदुरबारच्या सोनाराकडे गेली. त्यानं गोठ तराजूत टाकले. साडेचार तोळे! आईचा चेहरा असा उजळला! सोनार म्हणाला, "आत लाख शे बाई. लाखनं वजन वजा करनं पडी. मी अंदाजे दोन तोळा धरस. गोठ जसाना तसा ठेवस. मिरचीना पैसा उना का सोडाई लई जा."

पोकळ गोठात भरलेल्या लाखेपायी अर्ध्याहून जास्त वजा! आई खवळली. तिला वाटलं, बाईमाणूस बघून हा बनवतोय. "तू माले येडी समजस का? काढ लाख, मन्हा डोळासमोर काढ!"

"मंग गोठ ऱ्हावाव नहीत, बाई." त्यानं दोनदा सांगितलं. पण आईची जीभ एकदा सुटली की देवालाही आवरायची नाही. मीही तिच्या बाजूनं मान हलवली.

त्यानं सांधा उघडला आणि गोठ शेगडीवर धरले. काळी लाख ठिबकू लागली, उग्र वास दुकानभर पसरला. आई एकदम पुढे सरकली, "थांब, थांब!" म्हणाली. पण खळग्याचा पत्रा तोवर मऊ होऊन दबला होता, खळगा पुसला गेला होता.

उरलेली लाख जाळून, पत्रा धुऊन त्यानं पुन्हा तोललं. दोन तोळ्यांना थोडं कमीच. त्यातून सांध्याच्या डागाची, म्हणजे झाळणाची, तूट गेली, तेव्हा पावणेदोन. आम्ही सोडवले नसते तरी अख्खे गोठ कुणालाही विकता आले असते, म्हणून त्यानं दोन धरले होते. मोडीत काढल्यावर जेवढं निव्वळ सोनं, तेवढंच. माणूस खरं बोलत होता, आणि आम्ही त्याला चोर ठरवलं होतं.

आईनं पत्रे हातात घेतले, उलटेसुलटे केले. "हाई जसंना तसं कर ना रे, दादा," म्हणाली. सोनारानं शेगडीतले निखारे विझवले.

कमी पडलेलं सोनं आईनं स्वतःच्या कानातलं काढून भरलं. त्या सगळ्याच्या माझ्यासाठी भरीव बांगड्या झाल्या, लग्न लागलं, सासरच्यांनी वजन करून मान डोलावली.

मी माहेरी यायची तेव्हा आई माझ्या डोक्यावरून हात फिरवायची, ताटात वाढायची, भरभरून बोलायची. पण त्या बांगड्या घातलेले माझे हात मात्र तिनं पुन्हा कधी हातात घेतले नाहीत.