रोगाचा रकाना

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा शहरात सगळ्यात आधी काय वाढलं असेल तर साहेब. काल ज्याला कोणी चहा विचारत नव्हतं तो आज 'संचालनालयात' होता. शाळेच्या इमारतीत कचेरी भरायची, फळ्यावरच विभागाचं नाव खडूने लिहिलेलं असायचं, पण आतल्या माणसाचा रुबाब असा, की राज्य त्यानेच घरून आणलं आहे. अशा एका खात्याने लिपिकांची भरती काढली आणि निवडलेल्या मुलामुलींची तपासणी आमच्या सरकारी दवाखान्यात पाठवली. मी तिथे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. उंची, वजन, डोळे, लघवी हे नेहमीचंच होतं. त्या वेळी कोणा मोठ्या माणसाने भाषणात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल काळजी व्यक्त केली होती, म्हणून तपासणीत त्याची चाचणीही जोडली गेली. काळजी व्यक्त करायला काही लागत नाही, तपासणीला डोकं लागतं. ते कोणी पाठवलं नव्हतं.

मी करत होते ती चाचणी अगदी साधी. छोट्या नळीत तयार द्रावण घ्यायचं, त्यात थेंबभर रक्त टाकायचं, थोडा वेळ थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. याचा अर्थ एवढाच, की या रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन असावं. ते आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून आलंय, की दोघांकडून, हे नळीला कळत नाही. एकाकडूनच आलं असेल तर माणूस फक्त वाहक असतो, चारचौघांसारखा जगतो, कामं करतो. दोघांकडून आलं तर आजार. नळी दोन्हींत सारखीच गढूळ होते, आणि कधी कधी भलत्याच कारणानेही होते. म्हणून गढूळ झालेल्या प्रत्येकाचं रक्त मेडिकल कॉलेजात पाठवायचं, तिथे विजेच्या प्रवाहावर हिमोग्लोबिनचे पट्टे वेगळे पाडून बघायचे आणि मगच काय ते बोलायचं. चाळणी लावणं वेगळं आणि निदान करणं वेगळं. ही गोष्ट आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवली होती आणि आम्ही सगळे दुसऱ्या महिन्यात विसरलो होतो.

आमच्या छापील चिठ्ठीवर खाली एक ओळ असायची, 'पुष्टि हेतु भेजें', म्हणजे खात्रीसाठी पुढे पाठवा. त्या आठवड्यात चिठ्ठ्या संपल्या. मी जुन्या फॉर्मच्या पाठीवर नावं लिहिली, पुढे लाल शाईने 'पॉझिटिव्ह' लिहिलं आणि सही ठोकली. खालची ओळ हाताने लिहायचा कंटाळा केला. ओळ तीन शब्दांची होती. त्या यादीत आठ नावं होती आणि आठवं आमच्या शेजारच्या मुलीचं होतं.

आम्ही बूढापारा मोहल्ल्यात भाड्याने राहायचो. ती मुलगी समोरच्या घरातली, बाप रेल्वेतून रिटायर झालेला, मूळचे अकोल्याकडचे. तिला लिपिकाची नोकरी लागणं म्हणजे त्या घराची पुढची वीस वर्षं निश्चिंत होणं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तिची नळी गढूळ झाली तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. वाहक असेल, कॉलेजात पट्टे बघतील, असं मनात म्हणून मी पुढची नळी उचलली.

चार दिवसांनी तिचे वडील खात्याचं पत्र घेऊन दारात उभे. पत्रात लिहिलं होतं, 'रोग का नाम: सिकल सेल रोग. अनफिट.' हरकत असेल तर दहा दिवसांत कळवावी.

"वहिनी, मले सांगा, पोट्टीले काही होऊन राहिलं का? ती तर ठणठणीत आहे. काहून लिहिलं असं?"

मी त्यांच्या घरी गेले. मुलीला पलंगावर बसवून ठेवलं होतं. आई डाळिंब सोलत होती, शेजारणी दारात उभ्या राहून 'बिचारी' म्हणत होत्या आणि एकीने तिच्या हातातून पाण्याची बादलीसुद्धा काढून घेतली होती. चार दिवसांपूर्वीपर्यंत हीच मुलगी सायकलवरून गोल बाजारात जाऊन दहा किलो गहू आणायची. एका सरकारी कागदाने तिला रोगी केलं आणि घरच्यांनी निमूट मान्य केलं. मला त्यांचाही राग आला. माणसाकडे बघायचं सोडून कागदाकडे बघायची सवय नुसती कचेऱ्यांतच असते असं नाही.

"काकू, मैं बीमार हूँ क्या?" तिने विचारलं. ती मराठी समजायची, पण उत्तर हिंदीतच द्यायची.

"माहीत नाही," मी म्हणाले. "माझ्या चाचणीवरून कोणालाच माहीत होत नाही. म्हणूनच पुढची चाचणी असते."

"तो फिर इन्होंने कैसे लिख दिया?"

दुसऱ्या दिवशी मी हेच विचारायला खात्यात गेले. बडे बाबू, म्हणजे तिथले मुख्य लिपिक, खुर्चीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी फॉर्म माझ्यासमोर सरकवला. त्यात एक रकाना, 'रोग का नाम'. शेजारी दोन चौकोन, फिट आणि अनफिट. चार उमेदवारांपुढे 'निल' लिहून 'फिट'वर खूण होती, पाचव्यापुढे 'सिकल सेल रोग' आणि 'अनफिट'.

"मैडम, कॉलम में कुछ तो भरना पड़ेगा. आपने पॉझिटिव्ह लिखा, मैंने रोग लिखा. दस्तखत आपके हैं."

"पॉझिटिव्ह म्हणजे पुढे तपासा."

"वो कहाँ लिखा है?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या हातून राहिलं होतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. पण तो जे हसला ते माझी चूक सापडल्याचं हसणं नव्हतं. आठ माणसांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्याच्या लेखी हा विषय कोणाची सही कुठे आहे एवढाच होता. डोक्यात तिडीक गेली.

ज्यांनी अनफिटवर सही केली त्या डॉक्टरांकडे मी गेले. बाबूला काय म्हणायचं, त्याला हिमोग्लोबिन आणि शाई यांतला फरक माहीत नव्हता. या गृहस्थांना माहीत होता. ते मला म्हणाले, "हो हो, ही तर फक्त स्क्रीनिंग टेस्ट आहे, यावरून निदान होत नाही. पण एवढे फॉर्म होते, वरून घाई होती. तुम्ही कॉलेजचा रिपोर्ट आणा, मी बघतो." इतक्या सहज, इतक्या सौजन्याने बोलले. न जाणणाऱ्याची चीड येते. जाणूनबुजून सही करणाऱ्याची किळस आली. ती अजून येते.

मुलीला घेऊन मी मेडिकल कॉलेजात गेले. रिपोर्टसाठी चार दिवस वाट पाहावी लागली, आणि त्या चार दिवसांत तिच्या वडिलांनी कोणकोणाचे उंबरठे झिजवले ते विचारू नका. पाचव्या दिवशी तिथल्या तंत्रज्ञाने पट्टी दाखवली. दोन पट्टे होते, नेहमीच्या हिमोग्लोबिनचा जाड आणि सिकलचा त्याहून कमी. आजार असता तर नेहमीचा पट्टा उमटलाच नसता. ती वाहक होती, रोगी नव्हती. लग्नाच्या वेळी मुलाचीही तपासणी करून घे, तोही वाहक निघाला तर पोरांना आजार होऊ शकतो, एवढं मी तिला समजावलं. तिने मान डोलावली आणि बाहेर येऊन दोन समोसे खाल्ले. किती दिवसांनी तिने पोटभर खाल्लं, असं तिची आई नंतर म्हणाली.

नवव्या दिवशी आम्ही रिपोर्ट दिला. डॉक्टरांनी फिटवर सही केली. मग बाबूंनी फाइल ओढली आणि रकान्यातलं 'सिकल सेल रोग' न खोडता त्यापुढे सुंदर अक्षरात लिहिलं, 'उपचार के बाद रोगमुक्त'.

"कसला उपचार? तिला रोग नव्हताच."

"मैडम, एक बार चढ़ गया सो चढ़ गया. काटेंगे तो ऑडिट पूछेगा."

बरा न होणारा आजार या माणसाने टेबलाशी बसून बरा केला होता. मी आवाज चढवला. मुलीने माझा हात धरला आणि म्हणाली, "रहने दो काकू. नौकरी मिल गई ना." नोकरी मिळाली. तिच्या सेवापुस्तकात ती कधीकाळी रोगी होती आणि सरकारी औषधाने बरी झाली असं आजही लिहिलेलं असेल.

रुजू होऊन पंधरा दिवस झाल्यावर ती संध्याकाळी पेढे घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, "काकू, उस लिस्ट में सात और थे ना? वो नहीं आए."

ते आलेच नव्हते. मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. माझी धावपळ समोरच्या घरासाठी होती आणि तेवढीच होती. मी यादीतले पत्ते काढून सात पोस्टकार्डं टाकली: कॉलेजात येऊन पुढची तपासणी करा, तुम्ही रोगी आहात असं सिद्ध झालेलं नाही. सहांचं काही कळलं नाही. महिन्याभराने धमतरीकडच्या एका गावाहून एक तरुण पोस्टकार्ड घेऊन आला, सोबत म्हातारा बाप. मी त्याला कॉलेजात नेलं. त्याच्याही पट्टीवर दोन पट्टे होते.

मी त्याला सांगितलं, की तुला आजार नाही, कधीच नव्हता. तोवर त्याच्या जागी प्रतीक्षा यादीतला माणूस कामावर लागून तीन आठवडे झाले होते.

"त फेर मोला काबर निकालिन, दीदी?" त्याने विचारलं. मग मला काढलं कशाला.

त्याचा बाप माझ्याकडे बघत होता. राहिलेली ती तीन शब्दांची ओळ माझ्या तोंडाशी आली होती. मी म्हणाले, "खात्यातल्या बाबूची चूक आहे," आणि त्यांना त्याच्या कचेरीचा पत्ता लिहून दिला.