वीस दिवसांचे दोन रुपये

शिंदखेड्याच्या बाजारपेठेत पितांबरभाऊंना कोणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं, तरी उत्तर ठरलेलं असायचं: "बँकेचा एक रुपया अंगावर नाही." मोटारी आणि पंप विकायचं त्यांचं दुकान सोळा वर्षं जुनं. धुळ्याच्या एजन्सीतून माल यायचा, बिलावर तीस दिवसांची मुदत असायची, आणि बरोबर तिसाव्या दिवशी भाऊंचा ड्राफ्ट धुळ्यात हजर. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. बिनव्याजी महिनाभर माल वापरायला मिळतो, असा सोन्यासारखा धंदा सोडून बँकेच्या पायऱ्या झिजवणारे लोक त्यांच्या मते अगदीच येडे.

बिलाच्या तळाशी आणखी एक ओळ असायची: दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट. ती भाऊंनी वाचली नव्हती असं नाही. पण गिऱ्हाइकाकडून पैसा यायलाच महिना लागतो, तर दहा दिवसांत द्यायचे कुठून?

मग समोर लोटनने दुकान टाकलं. हा कालचा पोरगा पाच हजारांची मोटार पन्नास रुपये कमी करून द्यायला लागला. माल त्याच एजन्सीचा, भाडं भाऊंच्यापेक्षा जास्त, आणि तरी पन्नास कमी. "नकली माल असणार, दुसरं काय," असं भाऊ चार जणांना सांगत राहिले, पण ते चारही जण मोटार लोटनकडूनच घेऊन गेले. एक्क्याण्णवच्या त्या उन्हाळ्यापर्यंत हाल असे झाले की भाऊंनी फोनचा बूथ टाकू पाहणाऱ्या एका एसटीडीवाल्याला शब्द देऊन टाकला: आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, गाळा भाड्याने तुझा. त्या रात्री ते पाटावरून अर्ध्यात उठले. दुकान गेलं तर पितांबर उरतो कुठे?

अशात एक दिवस ते नेहमीसारखे ड्राफ्ट काढायला बँकेत गेले. तिथले अहिरेसाहेब बोलता बोलता म्हणाले, "भाऊ, तुम्ही कॅश क्रेडिट का नाही घेत? दुकानातल्या मालाच्या तारणावर कर्जाचं लिमिट देतो, लागेल तेवढं उचला. व्याज अठरा टक्के. त्यातून दहाव्या दिवशी एजन्सीला द्या आणि सूट घ्या."

भाऊ मोठ्यांदा हसले. "साहेब, एजन्सी देते दोन आणि तुम्ही मागता अठरा. अठरा देऊन दोन कमवू?"

"तुमचे अठरा वर्षाचे आहेत, भाऊ. ते दोन फक्त वीस दिवसांचे. अठ्ठ्याण्णव रुपये वीस दिवस वापरायला तुम्ही दोन रुपये मोजता. असे वीस-वीस दिवस वर्षात अठरा वेळा बसतात. हिशोब करा, सदतीस टक्के पडतात."

सदतीस म्हटल्यावर भाऊंना वाटलं, साहेब आपल्याला गंडवतोय. घरी येऊन त्यांनी ही गंमत बायकोला, बेबाबाईला सांगितली. बेबाबाई हसली नाही. ती गल्लीतल्या बायांची भिशी चालवायची. जमलेल्या पैशातून कोणाला नड पडली तर शेकडा दोन रुपये महिना व्याजाने द्यायची, आणि त्यातला आणा कोणाला सोडायची नाही.

"टक्के ठेवा बाजूला," ती म्हणाली. "शेकड्यानी बोला. वीस दिवसले दोन रुपया, तर महिनाले किती?"

"तीन," भाऊ म्हणाले.

"अन् बँकेचे वर्षाले अठरा, तर महिनाले?"

"दीड."

भाऊंनी दोन्ही आकडे शेजारी धरून पाहिले. तीन रुपये शेकडा! त्या दराने पैसा उचलणाऱ्या माणसाला ते आजवर समोर बसवून झापत आले होते. आणि स्वतः? बिनव्याजी म्हणत म्हणत दर बिलावर तेच करत आले होते. सोडलेली सूट म्हणजेच व्याज होतं, फक्त तिचं नाव व्याज नव्हतं म्हणून कळलं नाही एवढंच. लोटनचे पन्नास रुपयेही आता उलगडले. मोटारीमागे शंभरेक रुपये सूट घ्यायची, त्यातले थोडे बँकेला द्यायचे आणि पन्नास गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे. नकली माल कसला आणि काय कसलं.

"मी कर्जामाच व्हतू," ते पुटपुटले. मग एकदम उठले आणि टोपी शोधायला लागले. बँक बंद झाली होती, हे बेबाबाईला सांगावं लागलं.

लिमिट मंजूर व्हायला तीन आठवडे गेले. अहिरेसाहेबांनी दुकानात येऊन मोटारी मोजल्या, कागदांवर सह्या घेतल्या. लगेच भाऊंनी पन्नास हजारांचा माल मागवला आणि बेधडक भाव पन्नासने उतरवला. आठ मोटारी आगाऊ बोलून गेल्या. आता सूट हुकली तर प्रत्येक मोटारीत खड्डा पडणार, आणि मग एसटीडीवाल्याला चावी द्यायची. पण साहेबांनी बजावलं होतं, दहा दिवसांची मुदत आहे तर तिसऱ्या दिवशी पैसे देऊन फुकट व्याज चढवू नका. भाऊंनी ते असं मनावर घेतलं की नवव्या दिवशीसुद्धा हलले नाहीत. दहावा म्हणजे दहावा.

दहाव्या दिवशी नेमका सही करणारा अधिकारी उशिरा आला. एकोणपन्नास हजारांचा ड्राफ्ट हातात पडेपर्यंत दुपार झाली. दीडची एसटी मिळाली, तर तिचं चाक सोनगीरच्या अलीकडे बसलं. ड्रायव्हर निवांत बिडी ओढत बसला. भाऊंचा जीव टांगणीला. खिशावर हात दाबून ते भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि मिरचीचा ट्रक अडवला. धुळ्यापर्यंत शिंकत, डोळे पुसत, ड्रायव्हरला "चल रे भाऊ, चल" करत आले.

एजन्सीचा मुनीम गल्ला बंद करत होता. भाऊंना बघून म्हणाला, "अहो, तुमचे तर अजून वीस दिवस आहेत."

"आज दहावा," भाऊ शिंक आवरत म्हणाले. "दोन टक्के काप आणि पावती कर."

हजार रुपये सुटले. भाऊंना त्या पेढीवरच नाचावंसं वाटत होतं. गिऱ्हाइकांचे पैसे येतील तसे ते बँकेत भरत गेले, त्यामुळे व्याज पाचशेच्या कितीतरी आत राहिलं. बेबाबाईला मात्र धास्ती वाटायला लागली. हा माणूस आता दिसेल त्याला दहाव्या दिवशी पैसे देत सुटणार. आणि जळगावच्या पाइपवाल्यांचा माणूस आलाच. "दहा दिवसांत दिले तर एक टक्का, नाहीतर साठ दिवस मुदत."

भाऊंनी डोळे मिटले. पन्नास दिवसांचा एक रुपया, म्हणजे महिन्याचे साठ पैसे. बँकेचा दीड.

"तुमचे पैसे साठाव्या दिवशी," ते म्हणाले. बेबाबाईचा जीव भांड्यात पडला.

इकडे गावभर बातमी फुटली होती की पितांबर बँकेकडे गेला, म्हणजे बुडाला. आखाजीला आठवडा होता तरी एसटीडीवाला आला आणि भाडं शंभराने पाडून बोलायला लागला. "आता तुम्हाला नड आहे, भाऊ. कर्ज काढलंत म्हणे."

भाऊंनी त्याला बसवलं, चहा पाजला. "सोळा वर्षं तीन रुपये शेकड्याने डोक्यावर घेऊन बसलो होतो," ते म्हणाले, "तेव्हा सगळं गाव मला साहुकार म्हणायचं. आता दीड रुपयावर आलो, तर म्हणता बुडालो." मग काउंटरवर आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता आपल्या बोलीत त्याला नकार देऊन टाकला, "गाळा देवाना नही."